काट्यावर वजन सारखं, उतारा वेगळा

होस्टेलवर एक वाद कधीच संपत नाही. एका रूममध्ये एक 'काडी' असतो आणि एक 'पैलवान' असतो. काडी मेसमध्ये सात चपात्या हाणतो आणि तरी अंगाला काही लागत नाही. पैलवान म्हणतो, "माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे यार, मी नुसतं पाणी प्यायलो तरी वजन वाढतं." आणि काडीबद्दल सगळ्यांचं एकमत असतं की त्याच्या पोटात भट्टी आहे.

खरी गोष्ट उलटी आहे. नुसतं कॉटवर पडून राहिलं तरी पैलवानाचं शरीर काडीपेक्षा जास्त कॅलरी जाळतं. हे का होतं, आणि वजन दुप्पट झालं तर जळणसुद्धा दुप्पट का होत नाही, हे या लेखात बघू. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांची गोष्ट आहे. ती वाचल्यावर कदाचित पैलवानापेक्षा काडीचीच जास्त काळजी वाटेल.

आधी थोडं गणित करू. आपण काहीच करत नसतो तेव्हाही हृदय, मेंदू, यकृत, किडनी यांचं काम चालूच असतं. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेला बेसल मेटाबॉलिक रेट, म्हणजे बीएमआर म्हणतात. इलेक्ट्रिकलवाल्यांना समजेल असं सांगायचं तर हा ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड लॉस आहे. लोड असो वा नसो, मीटर फिरतच राहतं. आयसीएमआरच्या २०१० च्या अहवालात १८ ते ३० वयाच्या भारतीय पुरुषांसाठी याचं एक सोपं समीकरण दिलं आहे :

बीएमआर = १४.५ × वजन + ६४५

वजन किलोत घालायचं, उत्तर दिवसाच्या किलोकॅलरीत येतं. मुलींसाठी १४.५ च्या जागी १४ आणि ६४५ च्या जागी ४७१ घ्यायचे. आता काडी ५० किलोचा आणि पैलवान ९० किलोचा धरू. काडीचा बीएमआर १३७० आणि पैलवानाचा १९५० येतो. म्हणजे पैलवान नुसता झोपून ५८० किलोकॅलरी जास्त जाळतो. स्लो मेटाबॉलिझम गेलं कुठे?

पण त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघा. वजन १.८ पट आहे आणि जळण फक्त १.४२ पट. किलोमागे काढलं तर काडी २७ किलोकॅलरी जाळतो आणि पैलवान २२ सुद्धा नाही. म्हणजे एकूण जळण पैलवानाचं जास्त आणि किलोमागे जळण काडीचं जास्त. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. वाद होतो तो एकाने पहिलं वाक्य धरल्यामुळे आणि दुसऱ्याने दुसरं धरल्यामुळे.

हे मोजतात कसं, तेही सांगतो. माणसाला जाळून तर बघता येत नाही! म्हणून तो किती ऑक्सिजन घेतो ते मोजतात. सकाळी, बारा तास उपाशी पोटी, जागा पण शांत पडलेला माणूस, थंडीही नाही आणि घामही नाही अशी खोली, आणि डोक्यावर पारदर्शक हूड. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ४.८ किलोकॅलरी सुटतात. मिनिटाला पाव लिटरच्या आसपास ऑक्सिजन लागला तर दिवसाचे १७०० किलोकॅलरी होतात. वॉटमध्ये काढलं तर हे ८० च्या आसपास येतं, म्हणजे आपल्या रूममधल्या जुन्या सीलिंग फॅनइतकं. टेस्टच्या आधी चहा घेतला, जिने चढून धापा टाकत आला, किंवा खोलीत कुडकुडत पडला, तर आकडा वर जातो. तो मग बीएमआर राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. हे ८० वॉट शरीरात नक्की कुठे जातात?

बऱ्याच जणांना वाटतं मसल्समध्ये. जिमच्या पोस्टरवरही तसंच लिहिलेलं असतं. पण १९९२ मध्ये एलिया नावाच्या शास्त्रज्ञांनी अवयवांचा हिशोब मांडला तो वेगळंच सांगतो. विश्रांतीच्या वेळी एक किलो हृदय किंवा एक किलो किडनी दिवसाला ४४० किलोकॅलरी जाळते. मेंदू किलोमागे २४० आणि यकृत २००. आणि मसल? किलोमागे फक्त १३. चरबी त्याहून कमी, ४.५. बाकीचं सगळं, म्हणजे हाडं, कातडी, आतडी, रक्त वगैरे मिळून १२ धरतात.

सत्तर किलोच्या एका नेहमीच्या पुरुषाचा हिशोब मांडून बघू. यकृत १.८ किलो, म्हणजे ३६०. मेंदू १.४ किलो, म्हणजे ३३६. हृदय आणि दोन्ही किडन्या मिळून ०.६४ किलो, म्हणजे साधारण २८०. झाले ९७६. मसल २८ किलो असूनही त्याचे फक्त ३६४. चरबी १५ किलो, तिचे जेमतेम ६८. उरलेल्याचे २७८. एकूण सुमारे १६९०. हूडखाली मोजलेला आकडा याच्या अगदी जवळ येतो.

यातली गंमत लक्षात आली का? यकृत, मेंदू, हृदय आणि किडन्या मिळून ४ किलोसुद्धा भरत नाहीत. सत्तरातले चार, म्हणजे शेकडा साडेपाच टक्के. पण विश्रांतीच्या बिलाचे जवळजवळ ५८ टक्के तेच भरतात. बाकीचे ६६ किलो मिळून उरलेले ४२ टक्के भरतात. होस्टेलच्या लाइटबिलासारखंच आहे. शंभर ट्यूबलाइट एकीकडे आणि गुपचूप लावलेले चार हीटर एकीकडे.

आता पैलवानाकडे परत येऊ. त्याचे जादा ४० किलो जर निव्वळ चरबीचे असते तर जळण फक्त ४० × ४.५, म्हणजे १८० ने वाढायला हवं होतं. पण समीकरण सांगतं ५८०. मधले ४०० आले कुठून?

उत्तर असं की माणसाचं वजन नुसत्या चरबीने वाढत नाही. चरबी वाहून न्यायला पाय जास्त मजबूत लागतात, म्हणून मसल वाढतो. जास्त शरीराला रक्त पुरवायचं म्हणून हृदय मोठं होतं. गाळायला जास्त म्हणून किडन्या मोठ्या होतात, आणि यकृतही. शिवाय नव्वद किलोचा माणूस बरेचदा उंचही असतो. आपण एक वाटणी धरून बघू. समजा जादा ४० किलोपैकी २५ किलो चरबी, १० किलो मसल, ४.१ किलो हाडं-कातडी-रक्त, ०.६ किलो यकृत आणि ०.३ किलो हृदय-किडन्या. मग चरबीचे ११२, मसलचे १३०, हाडं-कातडी वगैरेंचे ४९, यकृताचे १२० आणि हृदय-किडन्यांचे १३२. बेरीज ५४३. समीकरणाच्या ५८० च्या बरीच जवळ. ही वाटणी मी समजण्यासाठी धरली आहे, प्रत्येकात ती वेगळी निघेल. पण एक गोष्ट बघा. चाळीस किलोंपैकी एक किलोसुद्धा नाही इतके अवयव वाढले, आणि जादा जळणापैकी जवळजवळ निम्मं त्यांनीच खाल्लं.

मग वजनाच्या प्रमाणात जळण का वाढत नाही तेही इथेच कळतं. मेंदू काडीचाही १.४ किलोच्या आसपास आणि पैलवानाचाही तेवढाच. तो वजनाबरोबर वाढत नाही. (पैलवानाने वाईट वाटून घेऊ नये, काडीने खूश होऊ नये!) बाकीचे अवयव वाढतात पण शरीरापेक्षा हळू. भराभर वाढते ती चरबी, आणि तीच सगळ्यात कमी जाळते. म्हणून समीकरणात तो ६४५ चा स्थिर आकडा बसवावा लागतो. आलेखावर रेषा शून्यातून जात नाही, ती वरच्या अक्षाला छेदते.

हा नियम फक्त माणसांत नाही. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये लहान-मोठ्या प्राण्यांचे आकडे एकत्र मांडले आणि त्यांना दिसलं की बीएमआर वजनाच्या ०.७५ घाताच्या प्रमाणात वाढतो. सोप्या शब्दांत, ७० गुणिले वजनाचा पाऊण घात. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा. रूममधला २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला साधारण ४.४ किलोकॅलरी जाळतो, म्हणजे किलोमागे १७५ च्या वर. ६० किलोचा माणूस १५०० जाळतो, किलोमागे २५. आणि गळीत हंगामात कोपरगावच्या रस्त्यावर उसाची गाडी ओढणारा ४०० किलोचा बैल उभ्या उभ्या ६२५० जाळतो, पण किलोमागे फक्त साडेपंधरा. म्हणून उंदीर दिवसभर कुरतडत असतो आणि बैल निवांत रवंथ करतो. घात पाऊणच का यावर अजून वाद चालू आहे. १९९७ मध्ये वेस्ट, ब्राउन आणि एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांच्या फाटे फुटत जाणाऱ्या जाळ्यावरून तो सिद्ध करून दाखवला. फ्लुइड मेकॅनिक्स आवडणाऱ्यांनी तो जरूर बघावा. सगळ्यांना तो पटलेला नाही.

इथे काही जण म्हणतील, "हे झालं झोपेचं. पैलवान हालचाल कमी करतो त्याचं काय?" हालचाल कमी असेलही, पण प्रत्येक हालचालीचं बिल त्याला जास्त येतं. मेकॅनिकलचा पहिल्या वर्षाचा फॉर्म्युला आहे, वजन गुणिले उंची. तळमजल्यावरून १० मीटर वर चढायला काडीला ४९०५ जूल काम करावं लागतं आणि पैलवानाला ८८२९. आपलं इंजिन साधारण २५ टक्केच कार्यक्षम, म्हणून जळण त्याच्या चौपट : काडीचे ४.७ किलोकॅलरी, पैलवानाचे ८.४. इथे मात्र प्रमाण सरळ १.८ पट. गुरुत्वाकर्षण चरबी आणि मसल असा भेद करत नाही.

केंब्रिजमध्ये १९८६ साली प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजलं. खास खुणेचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देऊन लठ्ठ आणि सडपातळ बायकांचा रोजच्या जगण्यातला एकूण खर्च काढला. लठ्ठ गटाचा सुमारे २४४० किलोकॅलरी निघाला आणि सडपातळ गटाचा सुमारे १९१०. पण रोज काय खाल्लं ते स्वतः वहीत लिहायला सांगितलं तेव्हा लठ्ठ गटाची बेरीज फक्त १६०० च्या आसपास आली. शरीर खोटं बोलत नव्हतं, वही बोलत होती. आणि हे मुद्दाम केलं असंही नाही. सायंकाळचा वडापाव, मित्राच्या ताटातला घास, चहातली साखर हे कोणाच्या लक्षातच राहत नाही.

आता पुण्याची गोष्ट. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डायबेटिसचे संशोधक. त्यांनी आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांच्या आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर एकच, म्हणून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स असं नाव पडलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन धरतात, म्हणजे दोघेही सुरक्षित रेषेच्या आत. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही ऊस उत्पादकाला हे लगेच कळेल. कारखान्याच्या काट्यावर दोन गाड्यांचे टन सारखे भरतात, पण साखरेचा उतारा सारखा निघेलच असं नाही. काटा फक्त किती ते सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. बीएमआय म्हणजे काटा.

बीएमआरवर याचा परिणाम किती? हिशोबासाठी समजा दोन माणसं प्रत्येकी ६५ किलोची आहेत आणि चरबी वरच्यासारखी आहे. पहिल्याकडे चरबी ५.९ किलो आणि चरबी सोडून उरलेलं शरीर ५९.१ किलो. दुसऱ्याकडे १३.८ आणि ५१.२. आयसीएमआरच्या समीकरणात फक्त वजन असल्यामुळे दोघांना उत्तर एकच येणार. पण कनिंगहॅम यांचं एक समीकरण चरबी सोडून उरलेल्या वजनावर चालतं : त्या वजनाला २१.६ ने गुणायचं आणि ३७० मिळवायचे. पहिल्याचे येतात १६४७ आणि दुसऱ्याचे १४७६. फरक १७१ किलोकॅलरी, म्हणजे रोजच्या मेसच्या दीड-दोन चपात्या. एकच वजन, एकच ताट, पण दुसऱ्याच्या ताटातल्या तेवढ्या चपात्या शिल्लक पडतात.

इथे एक खाच आहे आणि ती नीट बघायला हवी. दोघांमधला ७.९ किलोचा फरक जर फक्त मसलचा असेल, तर अवयवांच्या हिशोबाने फरक ७.९ × (१३ − ४.५), म्हणजे ६७ च निघतो. १७१ व्हायला यकृत, हृदय, किडन्यासुद्धा लहान असायला हव्यात. म्हणजे फरक ६७ चा की १७१ चा, हे आतले अवयव किती मोठे आहेत त्यावर ठरतं.

आणि याच जागी याज्ञिक यांचं दुसरं काम येऊन बसतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या टीमने नवजात बाळांची मोजमापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ मध्ये ते छापून आलं. आपल्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५. बाळ लहान म्हणजे सगळंच त्या प्रमाणात लहान असेल असं वाटतं ना? तसं नव्हतं. सगळ्यात जास्त कमी भरला तो पोटाचा घेर, आणि दंडही बारीक. म्हणजे पोटातले अवयव आणि मसल लहान. पण खांद्याच्या पात्याखालच्या कातडीची चिमटी, जिथे चरबी मोजतात, ती सगळ्यात कमी घटलेली होती. बाळाने चरबी राखली होती आणि अवयवांवर काटकसर केली होती. याला 'थिन-फॅट' बाळ म्हणतात, दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं.

म्हणजे ज्या चार किलो अवयवांवर निम्म्याहून जास्त बिल चालतं, त्यांचीच कमतरता काहींच्या वाट्याला जन्मापासून येते. मसल कमी म्हणजे रक्तातली साखर साठवायला गोदाम लहान. पुढे पोटाभोवती चरबी जमली की डायबेटिसचा धोका बीएमआय २२ लाच सुरू होतो. म्हणून काडीची काळजी. वजनकाटा त्याला कायम पास करत राहतो आणि तो सायंकाळी निर्धास्तपणे दुसरी प्लेट मागवतो.

शेवटी हे रोजच्या कामात कसं वापरायचं ते सांगतो.

वजन कमी करणाऱ्यांसाठी : ९० चे ८० किलो झाले की बीएमआर समीकरणाप्रमाणे १४५ ने खाली येतो, जिन्याचं बिलही कमी होतं. म्हणून सुरुवातीला भराभर उतरणारं वजन त्याच डाएटवर नंतर अडकतं. बॉडी "बिघडली" असं काही नसतं. शरीर लहान झालं, त्याचं बिलही लहान झालं. प्रत्यक्षात खर्च समीकरणापेक्षा थोडा जास्तच खाली येतो. म्हणून क्रॅश डाएट केलं तर चरबीबरोबर मसलही जातो आणि उतारा आणखी बिघडतो.

जिमवाल्यांसाठी : ५ किलो मसल कमावला तर विश्रांतीचं जळण ६५ किलोकॅलरीने वाढेल, एका चपातीलाही पुरत नाही. मसल कमवायचा तो साखरेच्या गोदामासाठी आणि ताकदीसाठी. 'झोपेत चरबी जाळा' या पोस्टरसाठी नव्हे.

काडीसाठी : काट्यावर उभं राहणं पुरेसं नाही. शिवणकामाची टेप घ्या आणि श्वास सोडून कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे. वजन कमी आणि घेर जास्त असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. घरात कुणाला डायबेटिस असेल तर नक्कीच.

आणि समीकरणं वापरणाऱ्या सगळ्यांसाठी : ती सरासरीची आहेत. एकाच वजनाच्या दोन माणसांत १० टक्क्यांचा फरक सहज निघतो, आणि तो का निघतो ते आता आपल्याला माहीत आहे. उत्तर १३७० आलं तर १२५० ते १५०० च्या दरम्यान कुठेतरी, असंच वाचायचं.